आधी कारण, मग निकाल

आरोग्य विम्याचा क्लेम मंजूर होतो तेव्हा रुग्णालयाचे बिल एका हिशेबपत्रकात उतरते. कोणत्या बाबीचे किती मागितले, किती कापले, किती दिले आणि का कापले, हे त्यात मांडलेले असते. पुण्यात मी ज्या गटात काम करतो, तिथे ही पत्रके ग्राहकाकडे जाण्याआधी पुन्हा एकदा तपासली जातात. प्रत्येक पत्रक डॉक्टरांच्या नजरेखालून जाणे शक्य नसते, म्हणून पहिली तपासणी भाषा-मॉडेल करते. पॉलिसीच्या अटी, बिल आणि पत्रक त्याला द्यायचे. पत्रक बरोबर आहे की चूक आणि ते का, हे त्याने ठरलेल्या साच्यातल्या जेसनमध्ये लिहून द्यायचे. मी या कामात आलो तेव्हा तो साचा असा होता:

```json
{
  "verdict": "correct",
  "reasoning": "..."
}
```

निकाल वर ठेवण्याचे कारण सरळ होते. हे उत्तर स्क्रीनवर पाहणाऱ्या डॉक्टरांना आधी निकाल हवा होता. 'चूक' असेल तरच ते खालचे कारण वाचणार. वाचणाऱ्याच्या सोयीने पाहिले तर या क्रमात काहीच खटकत नाही. पण हा क्रम लिहिणाऱ्याला काय करायला लावतो, ते वेगळे आहे. एका पत्रकावरून ते मला लख्ख कळले. ते पत्रक इथे सविस्तर मांडतो. क्लेम कोणाचा हे ओळखू येऊ नये म्हणून आकडे गोल केले आहेत, हिशेबाची रीत तीच आहे.

पॉलिसी तीन लाखांची. खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. रुग्णाने ५,००० रुपये रोजाची खोली घेतली आणि चार दिवस राहिला. बिलात खोलीभाडे २०,०००, शस्त्रक्रिया आणि डॉक्टरांची फी मिळून ६०,०००, औषधे २५,००० आणि तपासण्या १५,००० होत्या. एकूण १,२०,०००.

अशा वेळी प्रपोर्शनेट डिडक्शन लागते. रुग्णाने मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की, खोलीच्या दर्जानुसार वाढणारे इतर खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. इथे प्रमाण ३,००० भागिले ५,०००, म्हणजे ६० टक्के. पण ही कात्री सगळ्या बिलावर चालत नाही. विमा नियामक आयआरडीएआयने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे औषधे, शरीरात बसवायची उपकरणे आणि तपासण्या यांना ती लावता येत नाही. गोळीची किंमत खोलीच्या भाड्यावर ठरत नाही, हे त्यामागचे तत्त्व. म्हणजे खरा हिशेब असा: खोलीचे १२,०००, शस्त्रक्रिया आणि फीचे ६०,००० पैकी ३६,०००, औषधांचे पूर्ण २५,००० आणि तपासण्यांचे पूर्ण १५,०००. बेरीज ८८,०००.

पत्रकात मात्र ७२,००० मंजूर केले होते. करणाऱ्याने १,२०,००० चे सरसकट ६० टक्के काढले होते. रुग्णाचे १६,००० रुपये बुडत होते.

मॉडेलने या पत्रकावर `correct` असा निकाल दिला. त्याखालचे कारण वाचण्यासारखे होते. खोलीभाड्याची मर्यादा ३,००० आहे, घेतलेली खोली ५,००० ची आहे, त्यामुळे प्रपोर्शनेट डिडक्शन लागू होते, प्रमाण ६० टक्के येते, १,२०,००० चे ६० टक्के ७२,००० होतात, ते पत्रकाशी जुळते. म्हणून पत्रक बरोबर आहे. यातला प्रत्येक आकडा खरा आहे. भाषेत अडखळणे नाही, गणितात चूक नाही. आमच्याकडच्या ज्येष्ठ डॉक्टर मॅडमनी ते वाचले आणि म्हणाल्या, "वाचलं तर पटतं हो. पण औषधांना कात्री लावायची नसते, हे त्यात कुठेच आलेलं नाही." मी विचारले, "मॅडम, मग त्याला हा नियम माहीतच नाही असं म्हणायचं का?" त्या म्हणाल्या, "नुसता नियम विचारून बघा ना."

विचारले. औषधांना प्रपोर्शनेट डिडक्शन लागते का, एवढाच प्रश्न टाकला, तर मॉडेलने बिनचूक उत्तर दिले. सूचनेच्या मजकुरातही तो नियम होता. म्हणजे माहितीची वाण नव्हती. निकाल देण्याच्या क्षणी ती माहिती वापरलीच गेली नव्हती.

असे का होते, हे समजायला मॉडेल कसे लिहिते ते पाहावे लागते. ते मजकूर एकेक टोकन करत, पुढे पुढेच लिहिते. टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा. प्रत्येक टोकन निवडताना त्याच्यासमोर दोनच गोष्टी असतात: आपण दिलेला मजकूर आणि त्याने स्वतः आतापर्यंत लिहिलेला मजकूर. लिहिलेले त्याला खोडता येत नाही. परीक्षेत निळ्या शाईने उत्तर आधी लिहून टाकायचे आणि कच्चे काम त्याच्या खाली करायचे, असा नियम केला तर विद्यार्थ्याचे जे होईल तेच इथे होते. `verdict` पहिले असेल तर त्या जागी येणारे टोकन निवडताना औषधे आणि तपासण्या अजून कोणी वेगळ्या काढलेल्या नसतात, ८८,००० हा आकडा कुठेच लिहिलेला नसतो. समोर असते ते नीटनेटके पत्रक आणि आपापसात जुळणारे आकडे. अशा पत्रकांचा निकाल बहुधा 'बरोबर' असतो, त्यामुळे तेच टोकन पुढे येते. त्यानंतर लिहिलेले कारण हे निकालाचे कारण नसते. निकाल हाती आल्यावर त्याला शोभेल असा मजकूर लिहिण्याचे ते काम असते.

स्कीमा सक्तीचा असला की हे आणखी घट्ट होते. सक्तीच्या साच्यात प्रत्येक पायरीला स्कीमात न बसणारी टोकन बाद केली जातात. `"verdict":` नंतर दोनच किमतींना परवानगी असेल, तर मॉडेलला 'आधी बाबी पाहू' असे म्हणायला वावच उरत नाही. मोकळ्या मजकुरात त्याने कदाचित आधी हिशेब मांडला असता. इथे त्याला पहिल्याच ओळीत दोनांपैकी एक निवडणे भाग असते.

उपाय उघड होता: `reasoning` वर, `verdict` खाली. तोच मजकूर, तेच मॉडेल, दोन ओळींची अदलाबदल. वरच्या पत्रकावर मॉडेलने बाबी एकेक करून लिहिल्या, औषधांपाशी आल्यावर कात्री लागत नाही असे नोंदवले, ८८,००० काढले आणि निकाल `incorrect` दिला. पण एका पत्रकावरून क्रमाबद्दल काही ठरवता येत नाही. तोच प्रश्न पुन्हा विचारल्यावर मॉडेल कधी वेगळेही बोलते. म्हणून रीतसर चाचणी केली. ती कशी केली हे सांगायला हवे, कारण ही तुलना चुकीच्या रीतीने करणे फार सोपे आहे.

आधी डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासलेल्या पत्रकांचा संच घेतला. त्यांचे निकाल आमची कसोटी. मग त्याच पत्रकांवर तीन साचे चालवले: नुसता निकाल, आधी निकाल मग कारण, आणि आधी कारण मग निकाल. सूचनेचा मजकूर, मॉडेलची आवृत्ती, टेम्परेचर सगळे तेच ठेवले. यातला पहिला साचा बरेच जण गाळतात, पण खरे सांगतो तोच. आधी निकाल लिहिणाऱ्या साच्याची अचूकता नुसत्या निकालाइतकीच आली, तर खाली लिहिलेल्या कारणाचा निकालाला काडीचाही उपयोग झालेला नाही हे सिद्ध होते. आमच्याकडे ते दोन्ही साचे जवळपास एकाच पातळीवर राहिले.

हे आमच्याच घरचे निरीक्षण नाही. वेई आणि त्यांच्या गूगलमधल्या सहकाऱ्यांनी २०२२ साली 'चेन ऑफ थॉट' ची पद्धत मांडली, त्याच निबंधात त्यांनी हा प्रयोग केला होता. शाळकरी गणिताच्या उदाहरणांत त्यांनी पायऱ्या उत्तराच्या आधी न ठेवता नंतर ठेवून पाहिल्या. फायदा नाहीसा झाला; गुण पायऱ्या नसतानाच्या पातळीवर आले. पायऱ्यांच्या जागी नुसती टिंबे लिहायला लावली, तरीही फायदा झाला नाही. म्हणजे जास्त टोकन लिहिली म्हणून अचूकता वाढते असेही नाही. अर्थपूर्ण पायऱ्या उत्तराच्या आधी लिहिलेल्या असणे, यातच तिचे मूळ आहे.

दोन साच्यांची तुलना करताना एकूण टक्केवारीकडे न पाहता, दोघांचे निकाल जिथे जुळले नाहीत ती पत्रके मोजावीत. समजा ३०० पत्रके आहेत आणि ४० पत्रकांवर दोन साच्यांचे निकाल वेगळे आले. उरलेली २६० या प्रश्नाबद्दल काहीच सांगत नाहीत. त्या ४० पैकी ३० ठिकाणी कारण-आधी बरोबर आणि १० ठिकाणी निकाल-आधी बरोबर असेल, तर तो फरक निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. पण तीच वाटणी २२ आणि १८ अशी असेल, तर अजून काही सिद्ध झालेले नाही. मॅकनेमार चाचणी या नावाने संख्याशास्त्रात हीच गोष्ट ओळखली जाते. हे आकडे समजावण्यापुरते आहेत.

मला सर्वांत उपयोगी वाटली ती पत्रकांची प्रकारवार फोड. खोलीभाडे मर्यादेतच आहे, एकच बाब पाहून निकाल देता येतो, अशा पत्रकांवर क्रमाने काहीच बदलले नाही. पहिल्या टोकनलाच उत्तर हाताशी असते. फरक पडला तो जिथे तीन-चार पायऱ्या एकमेकींवर उभ्या असतात तिथे: मर्यादा काढा, प्रमाण काढा, कोणत्या बाबींना लागते ते ठरवा, मग बेरीज करा. म्हणून 'क्रम बदलल्याने अचूकता किती वाढते' या प्रश्नाला एकच आकडा देता येत नाही. निकालापर्यंत पोचायला किती पायऱ्या लागतात, त्यावर ते अवलंबून आहे.

एवढे समजल्यावर काम संपले असे वाटेल. पण क्रम लिहिला आणि तो शेवटपर्यंत टिकला, असे होत नाही. जेसनच्या मानकात, म्हणजे २०१७ च्या आरएफसी ८२५९ मध्ये, ऑब्जेक्ट हा नाव-किंमत जोड्यांचा क्रमरहित संग्रह मानला आहे. साठवणाऱ्याच्या दृष्टीने ते ठीक आहे. त्यामुळेच वाटेतली अनेक साधने क्रम निर्धास्तपणे बदलतात. मॉडेलच्या बाबतीत मात्र वर-खाली म्हणजे आधी-नंतर.

पहिली जागा वर्णक्रमाची. कोणी `sort_keys=True` लावून स्कीमा पाठवला की फील्ड इंग्रजी वर्णानुक्रमाने लागतात. `reasoning` आणि `verdict` या जोडीत नशिबाने r आधी येतो. पण निकालाला `answer`, `decision` किंवा `label` असे नाव दिले असेल, तर तो न सांगता वर चढतो. ओपनएआयने ऑगस्ट २०२४ मध्ये आणलेल्या स्ट्रक्चर्ड आउटपुट्समध्ये उत्तरातला क्रम स्कीमातल्या क्रमाप्रमाणे येतो. गूगलच्या जेमिनीत तो `propertyOrdering` देऊन सांगता येतो. आपण वापरतो त्या सेवेत काय होते हे वाचून, आणि मग प्रत्यक्ष पाहूनच मानावे.

दुसरी जागा वारशाची. पायडँटिकमध्ये पालक-क्लासची फील्ड आधी येतात आणि पोट-क्लासची नंतर.

```python
class BaseCheck(BaseModel):
    verdict: Literal["correct", "incorrect"]

class SheetCheck(BaseCheck):
    reasoning: str
```

प्रत्येक तपासणीला निकाल लागतो म्हणून तो पालक-क्लासमध्ये ठेवणे प्रोग्रामरला स्वाभाविक वाटते. दोन क्लास दोन फायलींत असले की `reasoning` निकालानंतर येते आहे हे वाचून लक्षातही येत नाही.

तिसरी जागा मला सर्वांत शिकवून गेली. आम्ही सूचनेत नमुन्याची काही सोडवलेली पत्रके देत होतो आणि ती पोस्टग्रेसच्या `jsonb` रकान्यात ठेवलेली होती. लिहिताना प्रत्येकात कारण आधी होते. पण `jsonb` मूळ क्रम जपत नाही. ते नावे आधी लांबीप्रमाणे आणि मग अक्षरांप्रमाणे लावते. `verdict` सात अक्षरांचा, `reasoning` नऊ अक्षरांचा. त्यामुळे बाहेर येताना प्रत्येक नमुन्यात निकाल वर. स्कीमा एक सांगत होता आणि नमुने दुसरेच शिकवत होते. सक्तीचा स्कीमा असेल तर तो जिंकतो, तरी मॉडेलला दाखवलेल्या रीतीविरुद्ध लिहावे लागते. सक्ती नसेल तर नमुने जिंकतात. अशा नमुन्यांसाठी साधा `json` प्रकार किंवा सरळ मजकुराची फाइल बरी, कारण तिथे लिहिलेले जसेच्या तसे राहते.

हे ओळखायचे कसे? पार्स केलेले उत्तर किंवा स्क्रीनवरचे उत्तर पाहून कळत नाही. तिथपर्यंत क्रम पुन्हा कोणीतरी बदललेला असू शकतो. मॉडेलकडून आलेला कच्चा मजकूरच पाहावा लागतो. आम्ही चाचण्यांत एक ओळ घातली:

```python
assert raw.index('"reasoning"') < raw.index('"verdict"')
```

मोठे अभ्यासही इथे गुरफटू शकतात. २०२४ साली ताम आणि सहकाऱ्यांनी साच्यात लिहायला लावल्याने मॉडेलची तर्कशक्ती घटते का, याचा अभ्यास केला. शब्दांची शेवटची अक्षरे जोडण्याच्या कामात जीपीटी-३.५ टर्बोची जेसन-मोडमधली कामगिरी कोसळलेली दिसली. उत्तरे उघडून पाहिल्यावर त्यांनीच नोंदवले की, त्या मॉडेलने प्रत्येक उत्तरात `answer` हे `reason` च्या आधी लिहिले होते. म्हणजे त्या कामात मॉडेल विचार न करताच उत्तर देत होते. जेसनमुळे अचूकता घटली असे म्हणण्याआधी त्या जेसनमध्ये काय आधी आले हे पाहायला हवे, हा धडा मी त्यातून घेतला.

आता कारण खरोखर आधी येऊ लागले. तरी काही उत्तरांत जुनेच दुखणे नव्या जागी दिसले. `reasoning` ची पहिलीच ओळ असायची: 'हे पत्रक बरोबर आहे, कारण…'. फील्डचे नाव बदलले, पण निकाल पहिल्या चार शब्दांतच देऊन झाला. पुढचा मजकूर पुन्हा त्याचे समर्थन. हे शोधायला कारणाची फक्त पहिली वाक्ये वेगळी काढून वाचायची. 'बरोबर', 'योग्य', 'जुळते' असे शब्द तिथे दिसू लागले, तर क्रम नावालाच सुधारलेला असतो.

'निष्कर्ष आधी लिहू नकोस' असे सूचनेत लिहिल्याने थोडा फरक पडतो. पण खरा फरक पडला तो मोकळे कारण मोडून त्याच्या जागी पायऱ्या ठेवल्यावर. डॉक्टर मॅडम स्वतः पत्रक तपासताना कागदावर काय क्रमाने लिहितात, ते त्यांच्या शेजारी बसून पाहिले आणि स्कीमा त्याप्रमाणे केला:

```json
{
  "room_limit": 3000,
  "room_taken": 5000,
  "heads": [
    {"name": "औषधे", "billed": 25000,
     "rule": "कात्री लागत नाही", "payable": 25000}
  ],
  "payable_total": 88000,
  "sheet_total": 72000,
  "verdict": "incorrect"
}
```

इथे `heads` मधली एकच बाब दाखवली आहे. प्रत्येक बाबीच्या आतही तोच नियम आहे: `rule` आधी, `payable` नंतर. रक्कम आधी लिहिली, तर नियम त्या रकमेला साजेसा निघतो. पत्रकातली बेरीजही आपली बेरीज काढून झाल्यावरच येते. या साच्यात 'हे पत्रक बरोबर आहे' असे वर कुठे लिहायला जागाच नाही. शिवाय बेरीज आणि तुलना ही कामे साधा प्रोग्राम अचूक करतो. म्हणून मॉडेलने लिहिलेले `payable_total` आम्ही बाबींवरून पुन्हा मोजतो, आणि दोन्ही जुळले नाहीत तर पत्रक थेट डॉक्टरांकडे जाते. प्रत्येक बाबीला कोणता नियम लागतो एवढेच ठरवणे मॉडेलकडे राहते, आणि खरी गरज तिथेच आहे.

तरीही कारण आधी लिहिले म्हणून ते प्रामाणिक होते, असे मानता येत नाही. टर्पिन आणि सहकाऱ्यांनी २०२३ साली मॉडेलला अशी नमुन्याची उदाहरणे दिली, ज्यांत बरोबर पर्याय नेहमी 'अ' च्या जागी होता. मॉडेलने आधी पायऱ्या लिहिल्या, पण त्या पायऱ्याच 'अ' कडे वळत गेल्या, आणि उदाहरणांतल्या त्या खुणेचा उल्लेख त्यांत कुठेच नव्हता. निकाल लिहिण्याआधीच मॉडेलचा कल ठरलेला असू शकतो, आणि मग कारणही त्या कलाने वाहते. यातून आम्ही दोन गोष्टी केल्या. नमुन्यांत बरोबर आणि चूक पत्रके सारखी ठेवली आणि त्यांचा क्रम मिसळला. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: अवघड प्रकारांत काम दोन टप्प्यांत तोडले. पहिल्या टप्प्यात मॉडेलला पत्रक दाखवतच नाही. फक्त अटी आणि बिल देऊन देय रक्कम काढायला लावतो. ७२,००० हा आकडा त्याने पाहिलेलाच नसेल, तर तो त्याच्याकडे ओढला जाणार नाही. पत्रकाशी तुलना नंतर.

या क्रमाची किंमतही मोजावी लागते. कारण आधी म्हणजे निकाल मिळायला उशीर आणि टोकन जास्त. त्याहून धोक्याचे म्हणजे, उत्तराच्या लांबीची मर्यादा आखूड असेल तर लांब बिलावर मजकूर मधेच तुटतो आणि तुटतो तो नेमका निकाल. निकाल वर असताना हा प्रश्न कधी जाणवत नाही. `finish_reason` मध्ये `length` आले की ते उत्तर रद्द धरायचे. तुटलेल्या जेसनला आपोआप दुरुस्त करून, रिकाम्या निकालाच्या जागी कोणतीही ठरावीक किंमत भरायची नाही. असे भरलेले निकाल आकडेवारीत अगदी खरे दिसतात.

दुसरी किंमत खात्रीच्या मापाची. निकाल पहिला असताना त्या टोकनची संभाव्यता पाहून मॉडेल किती डळमळीत आहे याचा अंदाज येतो. कारण आधी लिहिले की शेवटपर्यंत पोचताना ते स्वतःच्या लेखनाने बांधले गेलेले असते आणि निकालाची संभाव्यता बहुतेक वेळा एकाच्या जवळ जाते, मग कारण चुकलेले असले तरी. म्हणून खात्री हवी असेल तर तेच पत्रक काही वेळा स्वतंत्रपणे तपासून निकाल किती वेळा जुळतो ते पाहावे. महाग पडते, म्हणून आम्ही ते मोठ्या रकमेच्या क्लेमवरच करतो.

उत्तर देण्याआधी स्वतंत्रपणे विचार लिहून काढणारी मॉडेल २०२४ पासून आली आहेत. त्यांचा विचार जेसन सुरू होण्याआधीच झालेला असतो, त्यामुळे त्यांच्या बाबतीत साच्यातल्या क्रमाचा परिणाम कमी होतो. पण खर्चासाठी तो विचार आखडता घेतला किंवा बंद केला, की जुना प्रश्न जसाच्या तसा परततो. म्हणून आम्ही स्कीमात क्रम कायम ठेवला आहे. तो ठेवायला वेगळा खर्च पडत नाही.

डॉक्टरांच्या स्क्रीनवर आजही निकालच वर दिसतो. दाखवण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम एकच असायला हवा असे नाही. तो बदलणे स्क्रीनच्या प्रोग्रामला एका ओळीचे काम आहे.

कामात खरा बदल झाला तो चूक सापडल्यानंतर. पूर्वी निकाल चुकला की, त्याखालचे कारण वाचून दुरुस्त करण्यासारखे काही हाती लागत नसे, कारण निकाल त्या कारणातून आलेलाच नव्हता. आता हृदयाच्या एका शस्त्रक्रियेच्या बिलात मॉडेलने स्टेंटला ६० टक्क्यांची कात्री लावली, तर `heads` मधल्या एका ओळीवर बोट ठेवता आले: स्टेंट हे शरीरात बसवायचे उपकरण आहे, त्याला कात्री नाही, हे त्याने धरलेच नव्हते. मॅडमनी नियमाच्या मजकुरात उपकरणांची नावे घालून दिली. तेच पत्रक पुन्हा चालवले, ती ओळ बदलली, तिच्याबरोबर बेरीज बदलली आणि बेरजेबरोबर निकालही. कारणाची एक ओळ दुरुस्त केल्यावर निकाल आपोआप दुरुस्त होतो का, ही कसोटी मी आता प्रत्येक नव्या साच्याला लावतो. होत नसेल तर ते कारण निकालाच्या वर लिहिलेले असले तरी निकालाच्या कामी आलेले नाही.